गणितात नऊ

नर्मदा सानपला मॅट्रिकला गणितात नऊ गुण पडले, आणि बोईसरपासून बेटेगावपर्यंत ज्याला त्याला ही बातमी कुणीतरी थट्टेनं उठवलेली वाटली. बेटेगावला बीडकडून आलेल्या मजुरांच्या वस्तीत पत्र वाचायचं असो, मुकादमानं लावलेली हजेरी ताडून बघायची असो, लोक झुंबर सानपाच्या पोरीला हाक मारत. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर झुंबर सेंट्रिंगच्या टोळीत होता. त्याची बायको सोजराबाई तिथंच काँक्रीटच्या पाट्या वाहायची. दोघांनी मिळून एवढंच ठरवलं होतं, की काम संपून टोळी उठायच्या आत पोरीनं मॅट्रिक व्हावं आणि कुठंतरी चिकटावं. ते अडुसष्ट साल होतं. बांधकाम आटोपत आलं होतं आणि दर आठवड्याला कुणाची ना कुणाची पेटी ट्रकवर चढत होती.

निकाल लागला त्या दिवशी पालघरच्या शाळेत नर्मदा आपली गुणपत्रिका हातात धरून व्हरांड्यात उभी होती. मराठी, हिंदी, इंग्रजी, शास्त्र, सगळीकडे साठाच्या पुढं. गणितासमोर नऊ. खाली शिक्का, नापास.

आत हेडमास्तरांच्या खोलीत मात्र सण होता. जिवली चिंधू वरठा पास झाली होती. मासवणच्या पुढच्या डोंगरातली ती वारली मुलगी पालघरच्या वसतिगृहात राहून शिकत होती, आणि तिच्या गावाकडून आजवर एकही मुलगी मॅट्रिक झालेली नव्हती. हेडमास्तरांनी स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. पंचायत समितीचे शिक्षणाकडचे साहेब, ज्यांना सगळे अजून जुन्या सवयीनं दिपोटी म्हणत, तेही आले होते. बाकीच्या विषयांत जिवली काठावर होती, पण गणितात तिला अठ्ठ्याहत्तर होते.

हार घातलेली जिवली धावत बाहेर आली. नर्मदेची नि तिची चार वर्षांची सोबत. ती नर्मदेच्या गळ्यात पडली, आणि गुणपत्रिका बघून तिचा चेहरा उतरला.

"तुला कसे नऊ पडले गं?" ती म्हणाली. "आन् मला कसे इतके? मी तर अर्धा पेपर कोराच ठेवलेला. मास्तर दयाळू हाय वाटतं तपासणारा."

आणि ती हसली. नर्मदाही रडता रडता हसली. तेवढ्यात कुणीतरी जिवलीला फोटोसाठी बोलावलं.

गणिताचे मास्तर बळवंत चुरी हे वाडवळ घरातले, पालघरातच राहणारे. अंगणात केळीची रोपं होती, आणि मास्तर फारसं न बोलणारे म्हणून प्रसिद्ध होते. दुसऱ्या दिवशी नर्मदा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली तेव्हा त्यांनी धीर दिला नाही की हळहळले नाहीत. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या मुलांकडून तो पेपर पुन्हा सोडवून घेतला होता. कोण कुठं चुकलं ते त्यांना ठाऊक होतं.

"तुझं एक प्रमेय अपुरं राहिलं होतं," ते म्हणाले, "आणि शेवटच्या उदाहरणात चिन्ह चुकलं होतं. पंचाहत्तर ते ऐंशी, त्याच्या खाली तू येऊच शकत नाहीस."

मग त्यांनी शाळेकडून आणलेला निकालाचा कागद मांडीवर उलगडला. आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमानं नंबर दिलेले. अगदी शेवटी सानप आणि तिच्याखाली वरठा. मास्तरांनी त्या दोन ओळींखाली पेन्सिलीनं रेघ ओढली.

"पूर्वपरीक्षेत जिवलीला किती होते?"

"चौदा," नर्मदा म्हणाली. मास्तरांनी त्या दोन आकड्यांवर आळीपाळीनं बोट ठेवलं.

"सर, म्हणजे तिचे मला नि माझे..."

"मी काही म्हटलेलं नाही. पेपर तपासणारा गुण एका यादीत उतरवतो. यादीवरून कारकून दुसऱ्या यादीत. एक ओळ इकडची तिकडं व्हायला कितीसा वेळ लागतो? पण पेपर डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणीच काही म्हणू नये."

गुणपडताळणीसाठी अर्ज करायचा असतो, तो हेडमास्तरांच्या सहीनंच जातो, आणि त्यात पेपर पुन्हा तपासत नाहीत, हे मास्तरांनी तिला समजावलं. प्रत्येक उत्तराला गुण दिलेत की नाही, बेरीज बरोबर आहे का, आणि पेपरावरचे गुण यादीत नीट उतरलेत का, एवढंच बघतात. "आपल्याला तेवढंच पाहिजे," ते म्हणाले. मुदत निकालापासून तीन आठवड्यांची होती.

घरी वेगळंच चाललं होतं. बीडहून नर्मदेच्या मामाचं कार्ड आलं होतं. धारूरकडचं स्थळ, पोरगा एसटीत कंडक्टर. झुंबरनं कार्ड तिच्याकडूनच वाचून घेतलं होतं.

"दिवाळीला टोळी उठंल," झुंबर म्हणाला. "कुणी म्हणतं कोयनंला, कुणी म्हणतं आणिक कुठं. तुला कुठं कुठं घिऊन हिंडू? पास झाली असतीस तर गोष्ट येगळी व्हती."

"दादा, मी पास आहे."

"तसं त्या कागदाला सांग, माय."

त्या रात्री नर्मदेनं अर्ज लिहिला. चार पानं झाली. अन्याय, गरिबी, मायची पाठ, बापाचं वय, डोळ्यांतलं पाणी, सगळं त्यात आलं. चुरी मास्तरांनी सकाळी तो ओट्यावर बसून शेवटपर्यंत वाचला आणि घडी करून तिच्या हातात परत दिला.

"बोर्डातला माणूस दिवसाला असे ढीगभर अर्ज उघडतो," ते म्हणाले. "सगळेच गरीब असतात आणि सगळ्यांवरच अन्याय झालेला असतो. तू त्याला रडू आणू नकोस. त्याला उठून कपाटापर्यंत जायला लाव. त्याला काय शोधायचं, कुठं शोधायचं, ते सांग. बाकी काही नको."

दोघांनी मिळून अर्ज पुन्हा लिहिला. नर्मदेच्या अक्षरात तो एका पानात बसला.

*मा. सचिव, परीक्षा मंडळ यांस,*

*विषय : गणित विषयाच्या गुणांची पडताळणी होण्याबाबत.*

*महोदय,*

*मी यंदाच्या मार्चमधील शालान्त परीक्षेस पालघर केंद्रातून बसले होते. माझा बैठक क्रमांक सोबतच्या गुणपत्रिकेवर आहे. मला गणितात नऊ गुण मिळाल्याचे गुणपत्रिकेत दाखविले आहे. ते माझ्या उत्तरपत्रिकेतील गुण नसावेत असे मला वाटते. त्याची कारणे अशी :*

*मी सर्व प्रश्न सोडविले होते. मुख्य उत्तरपत्रिकेशिवाय मी तीन पुरवण्या घेतल्या. प्रत्येक पुरवणी घेताना पर्यवेक्षकांच्या कागदावर माझी सही घेतलेली आहे. पहिल्या पानावरही पुरवण्यांची संख्या मी लिहिली आहे. ज्या उत्तरपत्रिकेस नऊ गुण आहेत तिला तीन पुरवण्या जोडलेल्या आहेत की नाहीत, हे पाहिले जावे.*

*परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी शाळेत तीच प्रश्नपत्रिका आम्हांकडून पुन्हा सोडवून घेण्यात आली. विषयशिक्षकांनी तपासलेला माझा तो कागद सोबत जोडला आहे. पूर्वपरीक्षेत मला एक्क्याऐंशी गुण होते. शाळेचा दाखला सोबत आहे. या दोन्हींवरून मला गुण द्यावेत असे माझे म्हणणे नाही. परंतु चूक कोठे शोधावी हे त्यावरून ठरविता येईल.*

*माझी विनंती एवढीच की, माझ्या उत्तरपत्रिकेवरील एकूण गुण व गुणयादीतील माझ्या क्रमांकासमोरील गुण समोरासमोर ठेवून पाहावेत. ते सारखे असल्यास माझी तक्रार नाही.*

*आपली नम्र,*
*नर्मदा झुंबर सानप*

"जिवलीचं नाव नाही ह्यात," नर्मदा म्हणाली.

"नाही. आपण आपल्यापुरतं बोलतो आहोत."

"पण सर, ते यादी बघतील. माझी ओळ बघतील तर तिचीही दिसणारच की."

मास्तरांनी टाकाचं टोक पुसलं, शाईची बाटली बंद केली.

हेडमास्तरांनी अर्ज दोनदा वाचला. ते वाईट माणूस नव्हते. पण जिवलीचा फोटो ठाण्याच्या साप्ताहिकात छापून आला होता आणि खाली शाळेचं नाव होतं. आणखी एक गोष्ट झाली होती. जिवलीच्या पाड्यावरची एकशिक्षकी शाळा वर्षभर बंद होती. बदली झालेला कुठलाही मास्तर तिथं महिनाभरसुद्धा टिकत नव्हता. निकाल लागताच दिपोटीसाहेबांनी धावपळ करून जिवलीला तिथं तात्पुरती नेमणूक मिळवून दिली होती.

"तू हुशार आहेस," हेडमास्तर नर्मदेला म्हणाले. "ऑक्टोबरला बस. डोळे मिटून पास होशील. आता हे उकरून काढलंस, तर काय काय वर येईल याचा विचार केलायस?"

"सर, मी पास असताना पुन्हा का बसू?"

अर्ज तिच्याकडे सरकवत ते म्हणाले, "शनिवारी मुदत संपते. शुक्रवारपर्यंत विचार कर. आणलास तर मी सही करीन. मला अडवता येत नाही."

गुरुवारी नर्मदा मासवणला गेली. एसटी रस्त्यावर सोडून गेली, तिथून पुढं चालणं. शेतांत भाताच्या रोपांची आवणी चालली होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका तिच्याकडे मान वर करून बघत होत्या. अर्ज तिच्या पिशवीत होता, मेणकापडात गुंडाळलेला. वाटेत तिनं बोलायचं सगळं मनात जुळवलं होतं. आधी चुरी मास्तरांचं म्हणणं सांगायचं. मग म्हणायचं, जिवले, तुझं काय मत ते सांग.

शाळा म्हणजे कारवीच्या कुडाची एक खोली. बाहेरूनच आवाज आला. जिवली वारलीत काहीतरी सांगत होती आणि मुलं खिदळत होती. मग तीच गोष्ट तिनं मराठीत सांगितली आणि मुलांनी तिच्यामागून एकेक शब्द म्हटला. नर्मदा दारात उभी राहिली. जिवलीनं नवं पातळ नेसलं होतं, पदर खोचला होता. आवणीच्या दिवसांत पोरं शेतावर हवी असतात, तरी खोली भरलेली होती.

"बघ," जिवली तिला आत ओढत म्हणाली, "मागं मास्तर यायचा तर पोरं रानात पळायची. त्याची भाषा कोणाला समजं? आता घरी जा म्हटलं तरी जात नाय."

दुपारी जिवलीची आई नवसी हिनं नर्मदेला नागलीची भाकर आणि सुकटीचं कालवण वाढलं. चिंधू, जिवलीचा बाप, कुडाला टेकून बसला होता आणि पाहुणीला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, की परवा जंगलखात्याचा गार्ड आला तर त्यानं त्याला 'मास्तरणीचा बाप' म्हटलं. आधी तोच गार्ड शिवी देऊन हाक मारायचा.

"तुझं काय झालं गं?" जिवलीनं विचारलं. "ऑक्टोबरला बसतेस ना? फारम भरलास?"

"बघू," नर्मदा म्हणाली.

"बस. तुला काय अवघड हाय. मला नऊ पडले असते तर मी काय पुन्हा उठली नसती."

एसटीपर्यंत जिवली पोचवायला आली. चिखलाची वाट, पुढं जिवली, मागं नर्मदा. तीनदा नर्मदेनं तोंड उघडलं. एकदा जिवली शेळी हाकलायला वळली, एकदा समोरून माणूस आला, आणि तिसऱ्यांदा अडवणारं काहीच नव्हतं तरी शब्द फुटला नाही. गाडी आली. खिडकीतून जिवलीचा हात दिसेनासा झाला तेव्हा नर्मदेला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याबद्दल स्वतःची शिसारी आली.

शुक्रवारी तिनं अर्ज दिला. हेडमास्तरांनी सही केली.

दोन महिने काहीच झालं नाही. धारूरच्या स्थळाला झुंबरनं 'गणपती होऊ द्या' असं कळवलं होतं. सोजराबाई कामावरून येताना पोस्टात डोकावून यायची. पोस्टमन तिला लांबूनच मान हलवून नाही म्हणायचा. गणपती उठले आणि मग शाळेच्या शिपायानं नर्मदेला बोलावणं आणलं.

लखोटा हेडमास्तरांच्या टेबलावर उघडा होता. चार ओळींचं पत्र. गुणपडताळणीअंती असे आढळून आले की लेखनिकाच्या नजरचुकीने गणित विषयाचे गुण चुकीच्या क्रमांकासमोर नोंदले गेले. उमेदवारास अठ्ठ्याहत्तर गुण असून ती प्रथम वर्गात उत्तीर्ण आहे. सुधारित गुणपत्रिका सोबत जोडली आहे.

नर्मदेनं ते वाचलं. ज्या आनंदाची तिनं वाट बघितली होती तो आला, खरंच आला, कानशिलं गरम झाली. मग तिला टेबलावरचा दुसरा कागद दिसला. तो शाळेच्या नावानं होता. पुढील क्रमांकाच्या उमेदवाराचे गुण त्याप्रमाणे दुरुस्त करण्यात येत आहेत. सदर उमेदवार अनुत्तीर्ण असून तिची गुणपत्रिका व प्रमाणपत्र तत्काळ परत पाठवावे.

"एक प्रत पंचायत समितीलाही गेली आहे," हेडमास्तर म्हणाले. आणि मग, "अभिनंदन."

जिवलीची नेमणूक आठवड्यात रद्द झाली. दिपोटीसाहेब स्वतः गेले नाहीत, शिपाई पाठवला. लेखनिकाची नजरचूक पत्रातच राहिली. बाजारात लोक आपापल्या परीनं बोलत होते. मासवणच्या हॉटेलात कुणी म्हणालं वारल्याच्या पोरीनं दुसरीचा पेपर आपल्या नावावर लावला, कुणी म्हणालं, तरी वाटलंच होतं. जंगलखात्याच्या गार्डानं चिंधूला पुन्हा जुन्या नावानं हाक मारली. चुरी मास्तरांनी दिपोटीसाहेबांच्या कचेरीत जाऊन सांगून बघितलं, की मुलीचा ह्यात काडीचा दोष नाही, तसं दोन ओळी लिहून पाड्यावर कळवा. साहेब म्हणाले, तसं कळवायची पद्धत नाही.

नर्मदेनं ठाण्याला शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. प्रथम वर्ग होता, हुकूम लवकर आला. झुंबरनं तो कपाळाला लावला. नर्मदेनं शाळेचं नाव वाचलं आणि कागद तसाच जमिनीवर ठेवला.

"मी नाही जात तिथं."

"का?" सोजराबाई म्हणाली.

नर्मदेनं सांगितलं. सोजराबाई ऐकत राहिली. तिचे हात सिमेंटनं फाटलेले होते. त्यांना ती गोडं तेल चोळत होती.

"तू न्हाई गेलीस तर दुसरं कुणी जाईल," ती अखेर म्हणाली. "न्हाईतर कुणीच जाणार न्हाई. त्या पोरीला जागा परत मिळती का त्यानं? न्हाई मिळत. दिवाळीला आमी उठणार. तू ठरीव, इथं ऱ्हायचं का धारूरला जायचं."

नर्मदा गेली.

पहिल्या दिवशी शाळेत कुणी आलं नाही. तिनं खोली झाडली, फळा पुसला, दारात उभी राहिली. समोरच्या झोपड्यांतून माणसं तिच्याकडे बघत होती. शिवी नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी जिवली आली. तिच्या मागं पाच-सहा पोरं होती. जुनं लुगडं, हातात विळा. पोरांना तिनं वारलीत काहीतरी दटावून आत बसवलं.

"बसतील आता," ती म्हणाली. "मारू नको त्यांना. मराठी एकदम बोलली तर घाबरतात, पहिल्यांदा हळू बोल."

"जिवले..."

"तू आलीस त्या दिवशी कागद तुझ्या पिशवीत होता?"

नर्मदेनं होकाराची मान हलवली.

"मला वाटलंच, शिपाई आला तवा. कागद कवा गेला ते ऐकलं नि मी दिवस मोजले." जिवलीच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच नर्मदेला सोसवेना. "माझा पेपर मला ठाव होता. देवानं दिलं म्हणून घेतलं मी, तुझं हाय हे कुठं माहीत? तू भाकर खाताना बोलली असतीस तर मी तुझ्यासंगं आली असती. दोघी गेलो असतो साहेबाकडं. मी सांगितलं असतं, साहेब, हे माझं नाय, हिचं हाय. मग कोण मला चोर म्हणाला असता?"

"मला धीर झाला नाही."

"धीर तर झाला की. लिहायचा झाला. बोलायचा नाय झाला." तिनं विळा ह्या हातातून त्या हातात घेतला. "माझा बा आता बाजारात जात नाय."

नर्मदेला त्याच दिवशी एक गोष्ट सुचली, आणि आधी का सुचली नाही म्हणून तिनं कपाळावर हात मारला. ऑक्टोबरची परीक्षा! जिवलीला फक्त गणितच पुन्हा द्यायचं होतं. पण फॉर्म भरायची तारीख ऑगस्टातच उलटली होती. ऑगस्टात जिवली बोर्डाच्या स्वतःच्या कागदाप्रमाणे पास होती. पास झालेल्या मुलीनं नापासाचा फॉर्म भरायचा कसा?

ती शनिवारी चुरी मास्तरांकडे गेली. ह्या वेळी पहिल्याच खेपेला अर्ज नीट उतरला. रडणं नाही, आरोप नाही. फॉर्म भरण्याची शेवटची तारीख अमुक. त्या तारखेस उमेदवाराजवळ मंडळाची उत्तीर्ण गुणपत्रिका होती. दुरुस्तीचे पत्र त्यानंतरचे. उशीर उमेदवारामुळे झालेला नाही, हे मंडळाच्या दोन कागदांच्या तारखा शेजारी ठेवल्यास दिसेल. तरी उशिराचा फॉर्म स्वीकारावा. दोन्ही कागदांच्या नकला जोडल्या. जिवलीची सही घ्यायला नर्मदा तिच्या घरी गेली. जिवलीनं कागद न वाचता सही केली.

"वाच तरी," नर्मदा म्हणाली.

"तू लिहिलंय म्हंजे बरोबरच असणार," जिवली म्हणाली. ते कौतुक होतं की टोमणा, नर्मदेला कळलं नाही.

हेडमास्तरांनी ह्या अर्जावर आपण होऊन जोरदार शिफारस लिहिली. चुरी मास्तर म्हणाले, "पहिल्या अर्जापेक्षा हा भक्कम आहे. ह्यात शोधायचंसुद्धा काही नाही."

उत्तर परीक्षा होऊन गेल्यावर आलं. विहित मुदतीनंतर आलेल्या आवेदनाचा विचार करता येत नाही. खाली सही होती, ती कुणाची ते वाचता येत नव्हतं.

तोवर दिवाळी झाली होती. बेटेगावची खोली रिकामी झाली होती. झुंबर आणि सोजराबाई टोळीबरोबर ट्रकनं गेले होते, आणि नर्मदा पाड्याच्या कडेला एका खोपट्यात एकटी राहत होती. ते पत्र घेऊन ती जिवलीच्या घरी गेली तर दाराला काटेरी झाप लावलेला. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, चिंधूचं सगळं घर वसईकडं गवत कापायला गेलं, मुकादम येऊन घेऊन गेला. होळीला येतील.

होळीला जिवली आली. मार्चच्या परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत तेव्हा कधीच उलटली होती. नर्मदेनं पुढच्या ऑक्टोबरचा विषय काढला तर जिवली म्हणाली, "मी आता लई विसरली," आणि पोटावरून हात फिरवला. गवताच्या कापणीवरच तिचं लग्न लागलं होतं, मनोरकडच्या एका मुलाशी.

नर्मदा त्या शाळेत तीन वर्षं राहिली. मुलं तिच्याकडे येत, पाढे म्हणत. पण आवणी आली की रानात पळत, आणि ती हाका मारत बांधापर्यंत जाई. वारली तिला कामापुरती आली. दुसऱ्या वर्षी ठाण्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी शेऱ्याच्या वहीत लिहिलं, की शिक्षिकेचं दप्तर अत्यंत व्यवस्थित आहे, परंतु मुलं बोलत नाहीत.